मँगनीजच्या डोंगरातला तामडा

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘रंग’ असा कळवला, तेव्हा मला आधी तिरोडी आठवली. तुमसरहून सीमा ओलांडून बालाघाट जिल्ह्यात शिरलं की या गावात मातीचा रंगच बदलतो. रस्त्याच्या कडेचा मुरूम काळपट, घरांच्या जोत्यांचे दगड काळे, ट्रकच्या चाकांमागे उडणारी धूळही काळी. ही मँगनीजची माती. भरवेली, उकवा, तिरोडी, सीतापटोर या बालाघाटातल्या खाणी आणि सीमेपलीकडच्या भंडारा-नागपूरकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर या खाणी एकाच खडकपट्ट्यावर ओवलेल्या आहेत. नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी कंपनी १९६२पासून त्या चालवते. बालाघाट शहराला लागून असलेली भरवेलीची खाण जमिनीखाली चारशे मीटरच्याही पुढे गेली आहे.

काळ्या रंगाच्या या गावात मी नारंगी रंग पाहायला गेले होते.

खाणीत मेट म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले एक निवृत्त काका मला घराच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. तुळशीवृंदावनाच्या कठड्याला टेकवलेला एक काळा धोंडा त्यांनी पायाने उलटला. वरून पाहिलं तर तो खनिजाचाच तुकडा वाटावा. काकांनी तो हातात दिला आणि म्हणाले, “वजन पाहा ताई. खनिजापेक्षा हलका आहे. आम्ही हा बाजूला टाकत होतो. लय कडक राहते हा. घन मारला तं घनच वापस येते.”

त्यांनी एका कोपऱ्यावर नेमका घाव घातला आणि ताजी कड उघडी पडली. आत काळं काही नव्हतं. मधाच्या आणि विटेच्या रंगांमधले, पिवळट-नारंगी बारीक दाणे एकमेकांना खेटून बसले होते आणि त्यांच्या मधून क्वार्ट्‌झचा पांढुरका पदर गेला होता. दहापटीच्या भिंगाखाली धरल्यावर काही दाण्यांना सपाट, चकचकीत बाजू दिसल्या. हे दाणे म्हणजे गार्नेट, आपल्याकडच्या जवाहिऱ्यांच्या बोलीत तामडा. नेमकं सांगायचं तर स्पेसर्टीन, म्हणजे मँगनीजचा तामडा. स्पेसर्टीन आणि क्वार्ट्‌झच्या या खडकाला गोंडाइट म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस ली फर्मोर यांनी मध्य प्रांतातल्या मँगनीजचा कसून अभ्यास केला, १९०९मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि या मुलखातल्या गोंड लोकांवरून खडकाला हे नाव दिलं.

मग मनात साधा प्रश्न आला. डोंगरच्या डोंगर तामड्याचे असताना बालाघाटच्या सराफ्यात मिळणारा तामडा राजस्थानातून का येतो?

दाणा आणि रत्न

समुद्राच्या तळाशी मँगनीजचा गाळ साचला. जिथे तो शुद्ध होता तिथे पुढे खनिज झालं. जिथे त्यात चिकणमाती आणि वाळू मिसळलेली होती, तिथे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उष्णतेने आणि दाबाने वेगळीच गोष्ट घडली. मातीतलं ॲल्युमिनियम, वाळूतली सिलिका आणि मँगनीज एकत्र येऊन तामड्याचे स्फटिक तयार झाले, उरलेल्या सिलिकेचं क्वार्ट्‌झ झालं. भट्टीला सिलिका नको असते, म्हणून हा खडक खाणवाल्यांना टाकाऊ. त्यात मँगनीज भरपूर आहे, पण ते दगडाच्या घडणीतच अडकलेलं आहे.

रत्न व्हायला मात्र दाण्याला मोकळी जागा लागते. गोंडाइटमधला प्रत्येक स्फटिक घट्ट खडकात, शेजारच्या दाण्यांना रेटत वाढला. वाढताना त्याने आजूबाजूचं क्वार्ट्‌झ, मँगनीजचे काळे कण पोटात घेतले. काकांच्या धोंड्यातला सर्वांत मोठा दाणा दोनेक मिलिमीटरचा होता, आणि भिंगाखाली त्याच्या आतून प्रकाश आरपार जात नव्हता, अडखळत होता. याच खनिजाचे स्वच्छ, मोठे, झळाळते नारंगी स्फटिक नामिबियात आणि नायजेरियात १९९०च्या दशकात सापडले आणि ‘मँडरिन’ गार्नेट म्हणून जगभर गाजले. रसायन तेच, पारदर्शकता वेगळी, आणि किमतीतला सगळा फरक त्या पारदर्शकतेचा. रंगीत खड्यांच्या व्यवहारात हे पहिल्यांदा समजून घ्यायला हवं. खनिजाचं नाव म्हणजे किंमत नव्हे. “अस्सल तामडा आहे” असं दुकानदार म्हणाला तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं. काकांच्या तुळशीपाशीही अस्सल तामडाच आहे.

या धोंड्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि या लेखाचा धागा तोच आहे. मी सोबत एक छोटं, पण जबर ताकदीचं निओडायमियम चुंबक नेलं होतं. धोंड्यातून सुटलेला एक दाणा थर्मोकोलच्या चकतीवर ठेवून ती चकती वाटीतल्या पाण्यावर सोडली आणि चुंबक जवळ आणलं. चकती संथपणे चुंबकाकडे सरकली. दाण्याला नारंगी करणारं मँगनीजच त्याला ओढून नेत होतं. तामड्याचा रंग बहुधा बाहेरून आलेला नसतो, त्याच्या घडणीचाच तो भाग असतो. लोखंड असेल तर लाल, मँगनीज असेल तर नारंगी. पेरिडॉटचंही तसंच, त्याचा पोपटी रंग त्याच्या अंगच्या लोखंडाचा. तुरमलीचा, म्हणजे टुर्मलीनचा, कारभार निराळा आहे. तिची घडण मुळात जवळजवळ बिनरंगी असू शकते आणि त्यात किंचित मिसळलेल्या धातूंवर रंग ठरतो. म्हणून पहिल्या दोघांच्या रंगात माणसाला फारशी ढवळाढवळ करता येत नाही, तुरमलीत येते. खड्याची परवडणारी किंमत, त्याचा टिकाऊपणा, खरेदीतली फसगत, या सगळ्याची मुळं बरीचशी इथे आहेत.

सराफ्यातल्या पुड्या

बालाघाटला परतल्यावर मी सराफ्यातल्या एका शेठजींकडे बसले. आजोबांपासूनचं दुकान. मुख्य धंदा सोन्याचा, पण आतल्या कपाटात जयपूरहून आलेल्या खड्यांच्या पुड्या. पांढऱ्या कागदाच्या घड्या, आत निळसर कागदाचं अस्तर, वर पेन्सिलने वजन. भाचीच्या लग्नात सोन्याच्या साध्या साखळीत घालायला एक खडा घ्यायचा होता, त्यामुळे माझं पाहणं निव्वळ लेखासाठीचं नव्हतं.

शेठजींनी लाल पुडी आधी उघडली. राजस्थानात अजमेरकडचा सरवाड आणि टोंककडचा राजमहाल हे लाल तामड्याचे जुने मुलूख. त्या पुडीतले खडे ट्यूबलाइटखाली जवळजवळ काळे दिसत होते. मी परवानगी घेऊन ते उंबऱ्यापाशी नेले, तेव्हा काहींमध्ये डाळिंबी उजळली आणि काही तसेच मिटलेले राहिले. लोखंडाचा लाल रंग इतका गडद असतो की खडा थोडा जाड झाला तरी प्रकाश आतच गिळला जातो. जुने कारागीर या खड्याला पैलू न पाडता वरून घुमटाकार ठेवत आणि मागची बाजू पोखरून पातळ करत ते यासाठीच. आज घेताना उपाय सोपा आहे. मोठा, खोल खडा पाहून हरखून जाऊ नये. सहा-सात मिलिमीटरचा उथळ, उजळ खडा दहा मिलिमीटरच्या काळसर खड्यापेक्षा अंगावर जास्त लाल दिसतो, आणि स्वस्तही पडतो. साधा लाल तामडा कॅरेटला काही शेकड्यांत मिळतो. लालात थोडी जांभळी झाक असलेला, कोकमाच्या आगळाच्या रंगाचा खडा रोडोलाइट नावाने विकला जातो. त्यात लोखंड तुलनेने कमी म्हणून तो जास्त मोकळा दिसतो. तो ओडिशातूनही येतो. मला विचाराल तर कमी पैशांत जास्त रंग देणारा तामडा हाच.

तामडा म्हणजे लालच हा समज शेठजींच्या पुढच्या पुडीने मोडला असता, पण ती पुडी ते वेगळ्याच नावाने विकतात. ती होती गोमेदाची. आज नवरत्नांतला गोमेद म्हणून जो मधाळ, तपकिरी-नारंगी खडा मिळतो तो तामड्याच्याच कुळातला, हेसोनाइट. त्यात लोखंड-मँगनीज थोडं आणि कॅल्शियम मुख्य. राहूसाठी तो घातला जातो, त्यामुळे आपल्या भागात खपणाऱ्या तामड्यांपैकी हाच सर्वांत जास्त ओळखीचा. हिरवा तामडाही असतो. त्सावोराइट आणि डिमँटॉइड हे ते दोन हिरवे. रंग अप्रतिम, पण परवडणाऱ्या खड्यांच्या यादीत त्यांना जागा नाही, चांगल्या खड्याचा भाव कॅरेटला लाखाकडेही जातो. त्यामुळे कुणी स्वस्तात हिरवा तामडा देऊ केला तर तो काय आहे हे आधी विचारावं.

गोमेद आणि सव्वापाच रत्ती

गोमेदावर थोडं थांबते, कारण सामान्य घरातले लोक सर्वांत जास्त पैसे याच खड्यात घालतात. ग्रहासाठी घ्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण खडा तर नीट मिळाला पाहिजे.

गोमेदाची ओळख त्याच्या आतल्या हालचालीत असते. भिंगातून आत पाहिलं की उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तसं काहीतरी आत हललेलं दिसतं, पाकात साखर नीट न विरघळल्याची ती तरंगती रेघ. शिवाय बारीक, पारदर्शक, गोलसर कण. नारंगी काचेत ही थरथर नसते. तिथे गोल बुडबुडे दिसतात, काचेच्या प्रवाहाच्या वळ्या दिसतात, आणि पैलूंच्या कडा गोलावलेल्या वाटतात. दुसरा घोटाळा झिरकॉनचा, तोही या रंगात येतो. तो भिंगाखाली वरून तिरका धरला की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. तामड्यात कडा कधीच दुहेरी दिसत नाहीत. गंमत म्हणजे गोमेद अगदी निर्मळ असणं हीच सावध व्हायची खूण आहे. निर्मळ हेसोनाइट असतो, पण तो महाग, आणि तोही स्वस्तात पुढ्यात आला तर शंका घ्यावी.

मग येतो वजनाचा प्रश्न. “सव्वापाच रत्तीचा द्या,” असं गिऱ्हाईक म्हणतं. कुठली रत्ती? सोन्याच्या जुन्या तोळ्यात ९६ रत्ती, म्हणजे एक रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅम. रत्नबाजारात मात्र जी रत्ती चालते ती साधारण १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे कॅरेटच्या ०.९१ पट. पहिल्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे ०.६४ ग्रॅम, सुमारे ३.२ कॅरेट. दुसऱ्या हिशेबाने ०.९६ ग्रॅम, सुमारे ४.८ कॅरेट. भाव रत्तीवर ठरला आणि वजन कोणत्या रत्तीत मोजलं हे बोललंच गेलं नाही, तर एकाच शब्दावर दीडपट फरक पडतो. शेठजींनी हे ऐकून काटा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “म्हणून मी कॅरेटच बोलतो ताई. रत्ती गिऱ्हाईक बोलते, मी गुणून सांगतो.” दुकानातला डिजिटल काटा ग्रॅमही दाखवतो आणि एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पावतीवर कॅरेट आणि ग्रॅम दोन्ही लिहून घ्यावेत, वाद राहत नाही.

तुरमलीचे रंग

तिसरी पुडी उघडली आणि टेबलावर रंगांची रांगच लागली. राणी, फिका गुलाबी, मेंदीचा हिरवा, बाटलीचा हिरवा, मोरपंखी निळसर, मधाचा पिवळा. एका लांबट खड्याच्या एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्याला हिरवा. टरबुजाच्या कापासारखं आत गुलाबी आणि बाहेर हिरवी साल असंही असतं, कारण स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रवातले धातू बदलत गेलेले असतात. मँगनीजने गुलाबी, लोखंडाने हिरवा आणि निळा, काही जागी क्रोमियम-व्हॅनेडियमने पाचूसारखा हिरवा. ब्राझीलमधल्या पराईबा प्रांतातला तांब्याचा झगझगता निळा वेगळा, त्याची किंमत तामड्या-तुरमलीच्या जगातली नव्हे.

तुरमली पेग्मॅटाइट नावाच्या जाड दाण्याच्या शिरांत वाढते, खडक वितळून गोठत असताना सर्वांत शेवटी उरलेल्या, बोरॉनसारख्या हलक्या मूलद्रव्यांनी भरलेल्या द्रवातून. तिथे पोकळ्या असतात, जागा असते. गोंडाइटमधल्या तामड्याला जी मिळाली नाही ती जागा. म्हणून पेन्सिलीएवढे लांब, अंगावर उभ्या रेघा असलेले स्वच्छ स्फटिक तयार होतात. आणि म्हणूनच तुरमलीचे खडे बहुधा लांबट कापतात. आणखी एक कारण आहे. एकच तुरमली दोन दिशांनी दोन रंगांची दिसते. स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिलं तर रंग गडद, कधी कधी अगदी काळा, आडव्या दिशेने उजळ. कारागिराने ही दिशा सांभाळली नाही तर खड्याची दोन्ही टोकं अंधारलेली राहतात. हे दुकानातच तपासता येतं. खडा चिमट्यात धरून हळूहळू फिरवावा. रंगात फरक पडला तर तो तुरमलीच्या बाजूचा पुरावा, तामडा किंवा काच फिरवल्यावर रंग बदलत नाही.

तुरमलीची एक खासियत शेठजींना रोजच्या अनुभवातून माहीत होती. “शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवली की हिच्यावर धूळ सगळ्यात आधी बसते.” गरम झाली की तिच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो आणि ती धुळीचे कण ओढून घेते. त्यामुळे तुरमलीचा दागिना वरचेवर पुसावा लागतो, तो खराब झाला म्हणून नव्हे.

या पुडीत सर्वांत जास्त सावधपणा लागतो. तुरमलीचा रंग किंचित मिसळीचा, म्हणून तो बदलताही येतो. गडद हिरवे-निळे खडे तापवून उजळ करतात. फिकट खड्यांवर किरणांचा मारा करून गुलाबी किंवा लाल करतात, आणि असा मारा केलेला आहे की नाही हे बहुतेक वेळा प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही. असे काही खडे तीव्र उष्णतेत किंवा प्रखर प्रकाशात पुन्हा फिके होऊ शकतात. यापेक्षा मोठी अडचण भेगांची. लाल-गुलाबी तुरमलीत भेगा पुष्कळ असतात आणि त्यात राळ भरून त्या झाकल्या जातात. खडा फिरवताना भेगेवर निळसर-पिवळट झाक चमकून गेली, किंवा भेगेत चपटे बुडबुडे दिसले, की राळ भरलेली आहे असं समजावं. असा खडा विकणं गैर नाही, पण सांगून आणि कमी भावात विकला पाहिजे. लाल तुरमली मोठी, तेजस्वी आणि भेगाविरहित दिसत असेल, तर प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी १९७२मध्ये असे खडे तपासण्यासाठी सुरू झाली. अशा नावाजलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात ‘भरणी’बद्दल काय लिहिलं आहे ते वाचावं. हजार-दीड हजारांच्या तामड्याला मात्र अहवालाचा खर्च करण्यात अर्थ नाही, तिथे भिंग पुरेसं आहे.

पेरिडॉट कुठून येतो

पोपटी पुडी सर्वांत लहान होती. शेठजींना खडे कोणत्या देशातले ते माहीत नव्हतं, जयपूरच्या व्यापाऱ्यानेही विचारल्यावर फक्त “बाहेरचे” असं सांगितलं होतं. जगाच्या बाजारात येणारा पेरिडॉट मुख्यतः पाकिस्तानातल्या कोहिस्तानचा, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा, चीनचा आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या सॅन कार्लोसचा असतो. प्राचीन काळी तो तांबड्या समुद्रातल्या जबरगड बेटावरून येत असे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात इथे एक प्रश्न उभा राहतो. पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हीन, आणि ऑलिव्हीन तर बसाल्टात असतंच. आपली सह्याद्री-दख्खन, आणि बालाघाटच्या उत्तरेला मंडल्याकडचं पठार, सगळं बसाल्टाचं. मग खडे का मिळत नाहीत? कारण तिथल्या लाव्हातले ऑलिव्हीनचे दाणे अगदी बारीक आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाण्या-हवेने बदलून तांबूस-तपकिरी झाले आहेत. रत्नाच्या योग्यतेचा पेरिडॉट वेगळ्या वाटेने येतो. तो पृथ्वीच्या कवचाखालच्या आवरणात, ऑलिव्हीनच्याच खडकात तयार होतो, आणि काही ज्वालामुखी त्या खडकाचे गोळे फोडून जसेच्या तसे वर आणतात, किंवा पर्वतांच्या घडामोडीत तो खडक वर ढकलला जातो. कोहिस्तानात हे दुसरं घडलं.

पेरिडॉटची ओळख सर्वांत सोपी. हा खडा प्रकाशाचे दोन भाग इतके दूर करतो की दहापटीच्या भिंगातून, वरून आत पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा स्पष्ट दुहेरी दिसतात. हिरव्या काचेत कड एकेरीच. शेठजींच्या पुडीतल्या एका खड्यात पाण्यावर पसरलेल्या कमळाच्या पानासारखी गोल चकती आणि मधोमध काळा कण होता. ही पेरिडॉटची खास खूण, क्रोमाइटच्या कणाभोवती पडलेली तणावाची भेग. तो खडा निर्मळ नाही म्हणून त्यांनी बाजूला ठेवला होता. मी तोच मागून घेतला, अस्सलपणाचं असं प्रमाणपत्र मिळणं कठीण.

काय टिकतं, काय झिजतं

रस्त्यावरच्या, घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि त्यांची कठीणता मोहसच्या मापावर ७ असते. हा आकडा लक्षात ठेवला की बाकी सोपं होतं. तामडा ६.५ ते ७.५, लाल तामडा बहुधा सातच्या वरच. तुरमली ७ ते ७.५. पेरिडॉट ६.५ ते ७. म्हणजे पेरिडॉट अंगठीत घालून रोज भांडी घासली, स्कूटर चालवली, तर दोन-तीन वर्षांत पैलूंच्या कडा बोथट होतात आणि खडा धुरकट दिसू लागतो. तो खोटा निघाला असं समजून लोक सोनाराशी भांडतात. तो खोटा नसतो, जागा चुकलेली असते. पेरिडॉट पदकात किंवा कानात शोभतो आणि टिकतो. बोटात हवाच असेल तर कोंदणाने कडा झाकलेल्या असाव्यात.

कठीणता हीच एकमेव कसोटी नाही. तुरमली तामड्याइतकी कठीण असली तरी ठिसूळ, आणि तिच्या पोटात बारीक नळ्या व द्रवाचे ठिपके असतात. एकदम तापली की भेग पडते. पेरिडॉटचंही तेच, शिवाय आम्ल त्याचं अंग खातं. दागिना दुरुस्तीला टाकताना हे सांगणं आपल्याच हातात असतं. सोनार डाक द्यायला ज्योत लावतो आणि नंतर दागिना तेजाबात टाकतो. खडा बसवलेला असताना हे दोन्ही झालं, तर पेरिडॉटचं पाणी जातं आणि तुरमली तडकते. म्हणून पावतीवरच “खडा काढून काम” असं लिहून घ्यावं. तामडा यात सर्वांत सोशिक, पण त्यालाही एकदम तापवणं-निववणं नको. घरी स्वच्छ करायला तिघांनाही कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. दुकानातलं कंपनाने साफ करणारं यंत्र तुरमलीला आणि पेरिडॉटला लावू देऊ नये.

निवड

शेवटी तीन खडे पुढे राहिले. तिघेही गोल, सात मिलिमीटरचे, वरून सारख्याच घाटाचे दिसणारे. काट्यावर रोडोलाइट सुमारे १.६ कॅरेट भरला, पेरिडॉट १.४ आणि गुलाबी तुरमली १.३. तामडा सर्वांत जड, तुरमली सर्वांत हलकी, म्हणून आकार सारखा असला तरी वजन वेगळं. कॅरेटचा भाव ऐकून तुलना केली की माणूस चुकतो. मी प्रत्येक खड्याची एकूण किंमत विचारली आणि मिलिमीटर पाहिले, दागिन्यात दिसणार तो आकारच.

मग प्रत्येक खडा छापील कागदावर तोंड वर करून ठेवला. तुरमलीच्या मधोमध अक्षरं वाचता येत होती. खालचा भाग उथळ कापल्यामुळे प्रकाश परत फिरत नव्हता, सरळ निसटत होता, आणि रंग फक्त कडेला राहिला होता. वजन वाचवायला असा घाट सर्रास ठेवतात. ती पुडीत परत गेली. पेरिडॉटवर दुहेरी कडा स्पष्ट दिसल्या, रंग दारात आणि दिव्याखाली सारखाच पोपटी. रोडोलाइट दारात कोकमी, पिवळ्या दिव्याखाली आणखी लाल. भाची रोज साखळी घालणार आणि लग्नातल्या रात्रीच्या दिव्यांत मिरवणारही, तेव्हा रोडोलाइट ठरला. पेरिडॉट मी माझ्या कानांसाठी घेतला.

हिशेब होत असताना शेठजींनी तिजोरीतून एक जुनी अंगठी आणून दाखवली. एका गिऱ्हाइकाच्या आजीची, वितळवून नवं करायला आलेली, वर गडद हिरवा खडा. मी ती पांढऱ्या कागदावर उलटी ठेवली. खड्याच्या कडेने लाल रंगाची एक बारीक कडी उमटली आणि मधला भाग हिरवाच दिसला. एकोणिसाव्या शतकात युरोपात असे जोडखडे फार बनत. वर खऱ्या तामड्याची पातळ चकती, खाली हव्या त्या रंगाची काच, दोन्ही तापवून एकजीव केलेले. वरचा भाग तामड्याचा असल्यामुळे भिंगाखाली त्याचीच लक्षणं दिसतात, आणि कानशीने खरवडूनही उमगत नाही. भिंगाने कडेने पाहिलं की मात्र दोन भागांच्या सांध्यावर बुडबुड्यांची ओळ सापडते.

शेठजींनी ती ओळ स्वतः पाहिली आणि कारागिराला आत हाक मारून सांगितलं की ही अंगठी भट्टीत टाकायची नाही, खडा आधी काढायचा, आणि गिऱ्हाइकाला फोन करून खडा काय आहे ते कळवायचं.